बटणाचा देठ, हुकाची मान

चार भोकांचे चपटे बटण कापडाला टेकवून, दोरा करकचून ओढून शिवले की ते पक्के बसले असे वाटते. प्रत्यक्षात असेच बटण लवकर तुटते. बटण लावल्यावर काज असलेली पट्टी बटणाखाली येते, म्हणजे बटण आणि त्याच्या बुडाचे कापड यांच्यामध्ये बसते. तिथे तिला जागाच नसेल तर ती बटणाला वर ढकलत राहते. बटण एका अंगाने उचलले जाते, काजाभोवती चुण्या पडतात आणि दोरा सदैव ताणलेला राहतो. माणूस वाकला, हात वर गेला, बसताना पोट पुढे आले की प्रत्येक वेळी तो ताण दोऱ्याच्या एकाच बिंदूवर येतो. हा बिंदू म्हणजे बटणाच्या भोकाची कड. तिथे दोरा काटकोनात वळलेला असतो आणि तिथेच तो घासून झिजतो.

म्हणून जाणता शिंपी बटण मुद्दाम थोडे सैल शिवतो आणि बटण व कापड यांच्यामधल्या सुट्या धाग्यांभोवती दोरा गुंडाळून त्यांचा एक बारीक, टणक खांब करतो. शिवणकामाच्या पुस्तकांत याला ‘शँक’ म्हणतात. मराठीत देठ म्हटले तर नेमके डोळ्यांसमोर येते, कारण फूल देठावर असते तसे बटण या खांबावर उभे राहते. काजपट्टीला बसायला या देठामुळे जागा मिळते. शिवाय ओढ आडवी आली की देठ तिच्या दिशेने किंचित कलतो आणि ताण सगळ्या धाग्यांत वाटला जातो. भोकाच्या कडेवर एकट्यादुकट्या धाग्याला घासत बसावे लागत नाही.

देठ किती उंच हवा, याचे उत्तर त्याच कपड्याच्या काजपट्टीत असते. पट्टीची जाडी तेवढा देठ, वर अगदी नावापुरती मोकळीक. पॉपलिनच्या सदऱ्याची दुमडलेली पट्टी आतल्या बकरमसकट फार तर एक मिलिमीटर भरते, म्हणून तिथे दीडदोन मिलिमीटरचा देठ पुरतो. ब्लेझरला तीन ते चार, जाड लोकरी ओव्हरकोटाला पाच-सहा मिलिमीटर लागतात. जास्त लांब देठही चुकीचाच. बटण मान टाकल्यासारखे खाली लोंबते, काजातून निसटते आणि कशाकशात अडकते. डोळ्यांनी अंदाज करण्यापेक्षा काजपट्टी चिमटीत धरून तिच्याशेजारी पट्टी लावून पाहणे बरे.

टाका घालण्याआधी जागा ठरवावी लागते, आणि इथली चूक नंतर कितीही सुबक शिवून भरून निघत नाही. कपड्याच्या दोन्ही बाजू अंगावर असतील तशा एकमेकींवर ठेवून काजातून टाचणी खाली टोचायची. काज उभे असेल, जसे सदऱ्याच्या पुढच्या पट्टीवर असते, तर टाचणी वरच्या टोकापासून दोनतीन मिलिमीटर खाली टोचावी. कापड अंगावरून खाली ओढले जाते, त्यामुळे बटण काजाच्या वरच्या भागातच जाऊन बसते. काज आडवे असेल, जसे कॉलरच्या पट्टीवर किंवा कोटावर असते, तर टाचणी कपड्याच्या कडेकडच्या टोकाशी टोचावी, कारण ओढ आली की बटण सरकत त्याच टोकाला जाऊन थांबते. जिथे ताण सर्वांत जास्त तिथे काज आडवे ठेवण्याची रीत यामुळेच पडली. उभ्या काजावर आडवी ओढ आली तर काजाचे तोंड फाकते आणि बटण बाहेर येते. आडव्या काजात तीच ओढ टोकाच्या टाक्यांवर अडते.

ब्लेझरच्या पुढच्या बटणाचे उदाहरण घेऊ. बटण सुमारे वीस मिलिमीटर व्यासाचे, चार भोकांचे, काजपट्टीची जाडी साडेतीन मिलिमीटर. बटणांची मापे ‘लाइन’ या एककात सांगतात. एका इंचाला चाळीस लाइन, त्यामुळे हे बटण ३२ लाइनचे आणि सदऱ्याचे साधारण १८ लाइनचे म्हणजे साडेअकरा मिलिमीटरचे असते. दोरा पॉलिएस्टरचा, नेहमीच्या शिलाईपेक्षा जाड घ्यायचा. सुईत ओवून दुहेरी केल्यावर तो हातभर, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर राहावा. याहून लांब दोरा गुंततो आणि कापडातून पुन्हापुन्हा ओढला जाऊन शिवतानाच झिजू लागतो. दोरा मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून कागदाच्या घडीत ठेवावा आणि वरून कोमट इस्त्री फिरवावी. मेण धाग्यात मुरते, दुहेरी दोऱ्याचे पदर एकमेकांना चिकटून एक होतात आणि देठ गुंडाळताना सैल पडत नाहीत.

सुरुवातीला नुसत्या गाठीवर विसंबू नये. बटणाखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत, कापडाच्या वरच्या बाजूने दोन बारीक टाके एकमेकांवर घालून दोरा रोवावा. मग बटण ठेवून पहिला टाका घ्यावा आणि बटणाच्या पाठीवर, दोन भोकांच्या मधोमध काडी आडवी सरकवावी. आगपेटीची एक काडी जवळपास दोन मिलिमीटर जाड असते. सदऱ्याला ती एकटी पुरते, ब्लेझरला दोन काड्या एकत्र लागतात. टाके आता या काड्यांवरूनच जातात, त्यामुळे दोरा कितीही ओढला तरी हवी तेवढी ढिलाई राहतेच. भोकांच्या प्रत्येक जोडीतून दुहेरी दोऱ्याचे तीन-चार फेरे पुरेत. आठ-दहा फेरे घालण्याचा मोह होतो, पण भोक दोऱ्याने गच्च भरले की सुई आधीच्या धाग्यांना टोचत, फाडत जाते आणि बटण उलट कच्चे होते.

चार भोकांचे बटण फुलीने शिवावे की दोन समांतर रेघांनी, यावर घरोघरी मते असतात. रोजच्या ताणाचा विचार केला तर समांतर रेघा उजव्या ठरतात. फुलीत मधला छेद उंच येतो आणि काजातून जाताना दरवेळी तोच घासतो. समांतर शिवताना एक जोडी पुरी करून दोरा पक्का केला आणि मग दुसरी घेतली, तर एक बाजू तुटली तरी दुसरी बटण धरून ठेवते आणि तुटल्याची वर्दी वेळेवर मिळते.

फेरे झाले की सुई एका भोकातून खाली आणायची, पण कापडात न घालता बटण आणि कापड यांच्यामध्ये बाहेर काढायची. काड्या काढून बटण वर ओढून धरायचे, म्हणजे सगळी ढिलाई बटणाखाली येते. आता या उभ्या धाग्यांभोवती दोरा पाच-सहा वेळा, बटणाकडून कापडाकडे, वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळायचा. शेवटच्या वेढ्यात सुई घालून एक फास घ्यायचा, मग देठाच्या आरपार सुई एकदा काढायची, कापडाच्या उलट बाजूला जायचे आणि तिथे दोन-तीन लहान टाके घालून दोरा कापायचा. देठ नीट झाला का, हे बोटाने कळते. बटण हलवले तर देठ काडीसारखा ताठ कलतो आणि सोडले की सरळ होतो. नुसते धाग्यांचे झुबके हाताला लागत असतील तर वेढे कमी पडले आहेत.

कोटाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. दोरा जाड, देठ भक्कम आणि कापड मात्र सैल विणीचे असेल तर तुटायचे ते कापड तुटते. बटण हातात येते आणि त्याच्या मागे कापडाचा तुकडा. म्हणून उलट बाजूला, बरोबर त्याच जागी, एक लहान चपटे बटण धरून तेच टाके दोन्ही बटणांतून घेतात. मागच्या बटणाला देठ द्यायचा नसतो, ते कापडाला टेकूनच राहते. ओढ आली की ते वायसरसारखे ताण आपल्या सबंध पाठीवर घेते. सदऱ्याला किंवा मलमलच्या कुर्त्याला मागे बटण जड होते. तिथे आत बकरम किंवा दुहेरी कापडाचा नखाएवढा तुकडा घालणे पुरते.

बटण टिकावे म्हणून मासेमारीची नायलॉनची तार किंवा दातांसाठीचा मेणलेला धागा वापरण्याचा सल्ला अनेकदा ऐकायला मिळतो. तो साध्या कपड्यांसाठी चुकीचा आहे. नायलॉनच्या गुळगुळीत तारेला गाठ धरत नाही. ती तुटत नाही हे खरे, पण ती सुरीसारखी कापड कापत जाते. सुटलेले बटण दोन मिनिटांत पुन्हा लावता येते, फाटलेल्या पट्टीला ठिगळ लागते. जोडातला सर्वांत कमकुवत घटक दोरा असावा आणि कापड नेहमी त्याहून भक्कम राहावे, हा हिशोब इथे विसरता येत नाही.

काही बटणांना देठ उपजतच असतो. शेरवानीची धातूची बटणे, कापड मढवलेली बटणे, मागे कडी असलेली मोत्यांची बटणे ही त्यातली. त्यांना काडीची गरज नसते, पण कडीची दिशा पाहावी लागते. कडी काजाच्या रेषेत बसली पाहिजे, आडवी बसली तर ती काजाचे तोंड कायम फाकवून ठेवते. धातूच्या कडीची आतली कड धारदार असेल तर दोरा काही दिवसांतच कापला जातो. शिवण्याआधी ती बोटाने चाचपावी आणि खरखरीत लागली तर बारीक पॉलिश कागदाने घासून घ्यावी.

नव्या तयार सदऱ्याचे बटण एखाद्या सकाळी एकदम गळून पडते आणि मागे दोऱ्याचा मागमूसही राहत नाही, याचे कारण वेगळे असते. कारखान्यातली बटण लावणारी यंत्रे बहुधा एकाच दोऱ्याचा साखळीटाका घालतात. त्यात प्रत्येक फास पुढच्या फासात अडकलेला असतो. शेवटचे टोक सुटले आणि ते योग्य बाजूने ओढले गेले की स्वेटरची वीण उसवावी तसे सगळे टाके एका झटक्यात निघतात. नवा सदरा घरी आणल्यावर बटणांच्या मागे लोंबणारे टोक ओढून न काढता त्यातून सुईने दोन टाके घातले, तर हा प्रसंग टळतो.

बटणाला ताण सोसतो तो देठामुळे. हुकाचे तंत्र याच्या उलट आहे. हूक ताणाशिवाय लागूनच राहत नाही. महाराष्ट्रातली जुनी खणाची चोळी पुढे गाठ मारून बसवत, बाराबंदीला बंद असत. गाठ आणि बंद अंगाप्रमाणे रोज कमीजास्त करता येतात. हूक लावलेल्या ब्लाउजला ती सोय नाही. माप शिवतानाच ठरते, आणि ते थोडे घट्ट असेल तर रोजचा सगळा ताण पाच-सहा हुकांवर वाटला जातो. तो सारखा वाटला गेला नाही, तर एकच हूक सारखा सुटतो किंवा तुटतो.

हुकाचे तीन भाग असतात. पुढचे वळलेले तोंड, मधली मान आणि मागच्या दोन गोल कड्या. घाईच्या कामात फक्त कड्या शिवल्या जातात, आणि तिथेच हुकाचे आयुष्य संपायला लागते. खालच्या पट्टीतला आकडा हुकाचे तोंड ओढतो, मान मोकळी असल्यामुळे हूक कड्यांवर बिजागरीसारखा उचलला जातो, तोंड पट्टीबाहेर डोकावते आणि सगळा भार कड्यांच्या पुढच्या दोन टाक्यांवर येतो. मान कापडाला धरून ठेवली की हूक सपाट राहतो आणि ओढ तिन्ही ठिकाणी वाटली जाते.

क्रम असा ठेवावा. वर येणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत हूक ठेवायचा. कडेला अगदी टेकवला तर तोंड बाहेर दिसते, फार आत घेतला तर कड फाकते. आधी तोंडाखालच्या मानेवर तीन-चार टाके आडवे घालून ती बांधायची. मग दोरा न तोडता सुई कापडाच्या पदरांमधून सरकवत कड्यांपर्यंत न्यायची आणि प्रत्येक कडीभोवती काजटाका घालायचा. या टाक्यात प्रत्येक वेळी दोऱ्याचा फास कडीच्या बाहेरच्या कडेवर बसतो, त्यामुळे धातू दोऱ्याला थेट घासत नाही आणि एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. सुई पट्टीच्या आतल्या पदरातून आणि बकरममधून जावी, दर्शनी कापडातून येऊ नये. पण फक्त आतला झिरझिरीत अस्तराचा पदर उचलून शिवले तर पहिल्याच महिन्यात अस्तर फाटते. पट्टीत बकरम किंवा सुती कापडाचा दुसरा पदर असणे, ही हूक टिकण्याची पहिली अट आहे.

समोरचा आकडा धातूचा असेल तर त्याचे दोन आकार मिळतात, एक गोलाकार आणि एक जवळजवळ सरळ. दोन कडा नुसत्या एकमेकींना भिडतात तिथे गोल, एक पट्टी दुसरीवर चढते तिथे सरळ, असा नियम. ब्लाउजच्या पट्टीवर गोल आकडा लावला तर हुकाला त्यात दोन-तीन मिलिमीटर सरकायला मिळतात आणि पट्टी तेवढीच फाकते. पण पुष्कळ शिंपी धातूच्या आकड्याऐवजी दोऱ्याचा आकडाच घालतात, आणि तो नीट घातला तर चांगलाच टिकतो. हुकाच्या तोंडापेक्षा जेमतेम मोठी, साधारण पाच-सहा मिलिमीटर लांबीची जागा ठरवून तीन-चार धागे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शेजारीशेजारी घालायचे आणि मग सबंध पुलावर काजटाका दाट भरायचा. काजटाका भरताना सुईचे टोक न घालता नेढ्याकडची बाजू पुढे करावी, म्हणजे खालचे धागे टोचून फाटत नाहीत. धाग्यांचा हा पूल कापडावर कमानीसारखा उभा राहता कामा नये. तो सैल असला की हूक त्यात हलतो, आणि हलणारा हूक सुटतो.

आता एका ब्लाउजचा हिशोब. पुढची उघडी पट्टी १८ सेंटिमीटर लांब, हूक सहा. वरचा हूक गळ्यापासून एक सेंटिमीटर खाली, खालचा कडेपासून एक सेंटिमीटर वर. उरलेल्या १६ सेंटिमीटरचे पाच भाग केले की अंतर ३.२ सेंटिमीटर येते. कागदावर हे बरोबर आहे, अंगावर नाही. छातीच्या सर्वांत रुंद रेषेवर आडवा ताण सगळ्यांत जास्त असतो, आणि ती रेषा समजा गळ्यापासून नऊ सेंटिमीटरवर येत असेल, तर या मांडणीत ती ७.४ आणि १०.६ या दोन हुकांच्या बरोबर मध्ये पडते. तिथेच पट्टी फाकते आणि शेजारचे दोन हूक वेळेआधी थकतात. म्हणून पहिला हूक या रेषेवर, नऊ सेंटिमीटरवर ठेवायचा आणि बाकीचे त्याच्या वरखाली वाटायचे. वर एक आणि पाच, मग नऊ, खाली बारा, साडेचौदा आणि सतरा. वरची अंतरे चार सेंटिमीटरची झाली तरी बिघडत नाही, कारण गळ्याजवळ ताण कमी असतो. आकडे मांडताना मात्र ब्लाउजच्या दोन्ही बाजू सपाट जोडून, प्रत्येक हुकाच्या तोंडाखाली खडूची खूण करूनच घालावेत. एक आकडा दोन मिलिमीटर वरखाली झाला तर त्याचा हूक तिरका ओढला जातो आणि शेजाऱ्याच्या वाट्याचा भारही तोच उचलतो.

ताण असेल तोवर हूक घट्ट. श्वास सोडला, अंग वळले, ताण क्षणभर गेला की तोच हूक आकड्यातून घसरतो. ही हुकाची जन्मजात खोड आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डीलाँग कंपनीने १८९० च्या दशकात हुकाच्या मानेवर एक छोटा उंचवटा काढला आणि त्याचीच जाहिरात केली. आकडा या उंचवट्यावरून पलीकडे गेला की आपोआप मागे येत नाही. आजही हुकाच्या पाठीवर बोट फिरवून असा उंचवटा लागतो का, हे पाहूनच पाकीट घेणे चांगले. नृत्याच्या आणि नाटकाच्या कपड्यांत, जिथे अंग सतत आकसते-पसरते, तिथे आणखी एक युक्ती वापरतात. एकाच पट्टीवर एकाआड एक हूक आणि आकडा लावायचा, समोर त्याच्या उलट. मग कापड कोणत्याही बाजूला सरकले तरी निम्मे हूक धरूनच राहतात. असा कपडा स्वतःच्या हाताने घालणे अवघड असते, म्हणून रोजच्या ब्लाउजला ही रीत लावू नये.

पँटच्या कमरेचा चपटा हूक हा याच कुळातला, पण अधिक राबणारा. त्याला चार भोके किंवा दुमडायच्या नख्या असतात. तो पट्ट्याच्या आतल्या जाड कॅनव्हासमधून बसवावा लागतो आणि नख्यांच्या मागे त्याचीच चकती घालावी लागते. पट्टा शिवून बंद करण्याआधी हे काम झाले पाहिजे. शिवून झाल्यावर वरवर लावलेला हूक जेवून उठताना हातात येतो.

टिचबटणाकडून मात्र ताणाची अपेक्षाच ठेवू नये. हेरिबर्ट बाउअर या जर्मन माणसाने १८८५ मध्ये या बटणाचे पेटंट घेतले. एका अर्ध्या भागावर गाठीसारखी बोंडी, दुसऱ्यात खाच आणि खाचेत बारीक स्प्रिंग. दाबले की बोंडी स्प्रिंग फाकवून आत बसते. कापडाच्या पातळीत आडवी ओढ आली तर टिचबटण बऱ्यापैकी तग धरते, सरळ वर उचलले की चटकन उघडते, आणि उघडावे म्हणूनच ते बनलेले असते. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या धर्तीच्या सदऱ्यांना हीच गोष्ट कामी आली. सदरा काट्यात किंवा खोगिरात अडकला तर कापड फाटण्याऐवजी बटणे पटापट उघडतात. ब्लाउजमध्येही टिचबटणाची योग्य जागा हीच. दोन हुकांच्या मधली पट्टी फाकू नये म्हणून, किंवा गळ्याचा कोपरा बसून राहावा म्हणून ते लावावे. हुकाच्या जागी लावले तर शिंक आली की उघडते.

शिवायच्या टिचबटणात बोंडीचा भाग वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला आणि खाचेचा भाग खालच्या पट्टीच्या वरच्या बाजूला येतो. आधी बोंडी शिवायची, तिच्या टोकाला खडू लावून खालच्या पट्टीवर दाबायचे, आणि जिथे ठिपका उमटेल तिथे खाचेचा मध्य आणायचा. प्रत्येक भोकात चार-पाच टाके आणि एका भोकातून दुसऱ्याकडे जाताना दोरा बटणाच्या खालून न्यायचा. वरून नेला तर तो बोंडी आणि खाच यांच्यामध्ये येतो आणि बटण टिचकन लागत नाही.

ठोकून बसवायच्या टिचबटणांत सगळा खेळ कापडाच्या जाडीचा असतो. जीन्स किंवा जाड पिशवीसाठी नळी असलेले बटण असते. नळी छिद्रातून वर येते आणि ठोकली की तिची कड फुलासारखी उमलून खाचेच्या भागाला पकडते. नळी कापडाच्या वर दोन-तीन मिलिमीटर उरली पाहिजे. कापड फार जाड असेल तर उमलायला कड उरत नाही, फार पातळ असेल तर उंच नळी ठोकताना वाकते आणि बटण तिरपे बसते. पातळ कापडाला मागे एक पदर जोडून जाडी वाढवणे हाच मार्ग. छिद्र नळीएवढेच पाडावे, कात्रीने चिरून मोठे केले तर बटण कापडासकट बाहेर येते. होजिअरीला आणि बाळांच्या झबल्यांना दात असलेल्या कड्यांचे बटण लागते. दात विणीच्या धाग्यांमधून शिरतात, विणकामाला भोक पडत नाही आणि ते उसवत नाही. तरी एकेरी होजिअरी ओढून फाटते, म्हणून तिथेही आत पट्टी हवीच.

ठोकताना खाली दगडी फरशी किंवा लोखंडी ठोकळा असावा. लाकडी टेबल हातोडीच्या घावाला उसळी मारते आणि घाव तिरका होतो. सरळ, जोरदार एक-दोन घाव पुरेत. दहा हलक्या टकटकीत खाच चेपते आणि आतली स्प्रिंग मरते. बसवलेल्या बटणाची टोपी बोटाने फिरवून पाहावी. ती फिरली किंवा कडेखाली नख शिरले तर काम अर्धवट आहे. उघडझाप करताना स्वच्छ ‘टिच’ आवाज आला पाहिजे. बोजड, दबका आवाज आला तर खाच जास्त चेपली आहे, आणि असे बटण काढून नवे बसवण्यावाचून इलाज नसतो.

तुटलेल्या बंधाकडे नीट पाहिले तर तो का तुटला हे कळते. कापडात धाग्यांचा कुरतडलेला झुबका राहिला आणि बटण गेले, तर बटणाचे भोक धारदार आहे किंवा देठ नव्हता. बटणाबरोबर कापडाचा तुकडा आला, तर मागचा आधार कमी पडला किंवा दोरा गरजेपेक्षा जाड होता. मागे काहीच उरले नाही, तर साखळीटाका उसवला. हूक शाबूत आणि त्याचे तोंड फाकलेले असेल, तर कपडा घट्ट झाला आहे. फाकलेले तोंड पक्कडीने दाबले की काही दिवस चालते, पण एकदा वाकलेली तार त्याच जागी पुन्हा वाकते, म्हणून तो हूक बदलावा आणि ब्लाउजची बाजूची शिलाई अर्धा सेंटिमीटर सोडावी. दोऱ्याचा आकडा एकाच टोकाला तुटत असेल, तर हूक त्याच्या मध्यावर येत नाही, खूण चुकली आहे.

कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात धातूच्या बंधांना आणखी एक शत्रू असतो. लोखंडी हुकाचा मुलामा घासून गेला की दमट हवेत त्याला गंज चढतो. गंज आधी दोरा कुजवतो आणि मग पट्टीवर न जाणारा तांबडा डाग पाडतो. ज्या ब्लाउजवर दुसरे काही बदलायचे नाही, त्याचेही हूक पावसाळ्याआधी एकदा तपासावेत आणि काळपट तांबूस झालेले काढून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे लावावेत. धुताना सगळे हूक आणि टिचबटणे लावून कपडा उलटा करावा. उघडा हूक इतर कपड्यांच्या धाग्यांत अडकतो आणि यंत्राच्या एका फेरीत त्याला जेवढे हिसके बसतात, तेवढे अंगावर महिनाभरातही बसत नाहीत.